करारनाम्यातलं ‘सीसी’ कुणाला काय सांगतं

*प्रश्न: आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा करारनामा मराठीत तयार होतोय आणि मसुदा वाचून दुरुस्त्या सुचवायचं काम माझ्याकडे आलंय. वकील म्हणतात, लघुरूप सुरुवातीला एकदा उलगडून सांगितलं की पुढे तेच वापरायचं, नाहीतर पानं वाढतात. सभासद म्हणतात, मधलं पान उघडलं की काही कळत नाही. कुणाचं ऐकू?*

तुमचे वकील करारनामा पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत सलग वाचतात, आणि तसं वाचणाऱ्यासाठी त्यांचं म्हणणं बरोबर आहे. सभासद मात्र असं वाचत नाहीत. गेली सोळा वर्षं मी सोसायट्यांसाठी अशी कागदपत्रं मराठीत लिहिते आणि तपासते. या काळात पूर्ण करारनामा ओळीने वाचलेले सभासद मला फार थोडे भेटले. माणूस आधी आपल्या घराचं क्षेत्रफळ बघतो, मग भाडं, मग ताबा कधी मिळणार ते. एवढं झालं की कागद कपाटात जातो. आता तर तेही राहिलं नाही. कुणीतरी भाड्याच्या कलमाचा फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतं आणि निम्म्या सभासदांसाठी तो फोटो हाच करारनामा असतो. लघुरूप तिसऱ्या पानावर उलगडलेलं असतं, पण सत्ताविसाव्या पानाच्या फोटोत तिसरं पान नसतं.

तेव्हा आधी हिशोब करा, की लघुरूपाने नेमकी किती बचत होते. अलीकडे तपासलेल्या बेचाळीस पानांच्या एका मसुद्यात मी तो मांडला होता. ‘बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र’ हे तीन शब्द होते आणि त्याचं ‘सीसी’ बावीस वेळा आलं होतं. दर वेळी दोन शब्द वाचले, म्हणजे एकूण चव्वेचाळीस. व्याख्येच्या कलमात ‘यापुढे ज्यास सीसी असे संबोधले आहे’ वगैरे दहाएक शब्द खर्च झाले. निव्वळ बचत पस्तीसच्या आसपास शब्दांची, म्हणजे बेचाळीस पानांत तीन-चार ओळींची. त्याच मसुद्यात ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम ७९(अ) अन्वये शासनाने ४ जुलै २०१९ रोजी दिलेले निर्देश’ हा सोळा शब्दांचा ऐवज नऊ वेळा येणार होता. त्याला ‘पुनर्विकास निर्देश’ असं दोन शब्दांचं नाव दिल्यावर सव्वाशेच्या आसपास शब्द कमी झाले, आणि वाक्यंही वाचता येण्याजोगी झाली. वकिलांची पानं वाढण्याची काळजी या दुसऱ्या ठिकाणी खरी आहे, पहिल्या ठिकाणी नाही.

दोन्ही ठिकाणी आणखी एक फरक आहे आणि माझ्या दृष्टीने तो जास्त मोलाचा आहे. ‘पुनर्विकास निर्देश’ हे नाव मधल्याच पानावर पहिल्यांदा भेटलं तरी स्वतःबद्दल काहीतरी सांगतं. पुनर्विकासाबद्दल कुणीतरी दिलेले निर्देश आहेत, एवढं तर कळतंच. ‘सीसी’ काहीच सांगत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे, भलतंच सांगतं.

बांधकामाच्या व्यवहारात सीसी म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेट, बांधकाम सुरू करायची परवानगी. पण लोक कम्प्लिशन सर्टिफिकेटलाही, म्हणजे बांधकाम पुरं झाल्याच्या दाखल्यालाही, सीसी म्हणतात. एक कामाच्या आरंभीचं, दुसरं शेवटचं, आणि मध्ये तीन-तीन वर्षांचं अंतर. आता एकाच मसुद्यातली ही दोन वाक्यं बघा. पहिलं: ‘विकासक सीसी मिळाल्यापासून ३६ महिन्यांत सदनिकांचा ताबा देईल.’ इथे सीसीचा अर्थ पूर्णत्वाचा दाखला असा घेतला तर वाक्य विचित्र होतं. इमारत पुरी झाल्यावर आणखी तीन वर्षं कशाला? वाचणारा थांबतो, शेजाऱ्याला विचारतो, मागे जाऊन व्याख्या शोधतो. दुसरं वाक्य: ‘बँक हमीच्या रकमेपैकी ४० टक्के रक्कम सीसी मिळाल्यावर मोकळी करण्यात येईल.’ इथे मात्र दोन्ही अर्थ सुरळीत बसतात. इमारत पुरी झाल्यावर हमी मोकळी होणार असं समजून सभासद निर्धास्त होतो. प्रत्यक्षात पहिली वीट रचायच्या आधीच हमी साठ टक्क्यांवर येणार असते. शासनाच्या निर्देशांत विकासकाने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी द्यावी असं आहे. घर रिकामं करून बाहेर पडलेल्या माणसाला तोच मोठा आधार असतो, त्यामुळे या वाक्याचा अर्थ उलटा लागणं ही किरकोळ गोष्ट नाही.

मसुदा तपासताना मी हाच भेद सगळ्यात आधी शोधते. अनोळखी लघुरूप वाचणाऱ्याला अडवतं. तो वैतागतो, तुमच्याकडे तक्रार करतो, पण चुकत नाही. ओळखीचं लघुरूप दुसऱ्या अर्थाने आलेलं असेल तर तो अडत नाही, तक्रारही करत नाही आणि चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो. तुमचे जे सभासद ‘काही कळत नाही’ म्हणताहेत, ते त्या मानाने सुरक्षित आहेत. ज्यांना सगळं कळलं असं वाटतंय त्यांच्याशी जरा बोलून बघा.

पुण्यात याचं आणखी एक ठसठशीत उदाहरण आहे आणि तुमच्या मसुद्यात ते असण्याची शक्यता मोठी आहे: ‘पीएमसी’. पुनर्विकासात पीएमसी म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, सोसायटीने स्वतः नेमलेला आणि सोसायटीच्या वतीने कामावर देखरेख करणारा. पण पुण्यात राहणाऱ्या माणसासाठी पीएमसी म्हणजे पुणे महानगरपालिका. मालमत्ता कराच्या बिलावर, रस्त्यावरच्या फलकावर वर्षानुवर्षं त्याने ती तीन अक्षरं त्याच अर्थाने वाचलेली असतात. आता ‘पीएमसीच्या लेखी मंजुरीशिवाय विकासक नकाशात बदल करणार नाही’ हे कलम त्याच्या हाती द्या. त्याला वाटेल, महापालिकेची मंजुरी लागणार. ती तर कायद्याने लागतेच, त्यामुळे हे कलम वरवरचं आहे असं समजून तो पुढे सरकेल. करारनाम्याने मात्र त्याला एक वेगळं, जास्तीचं संरक्षण दिलेलं असतं: सोसायटीच्या स्वतःच्या सल्लागाराची संमती. ते संरक्षण आपल्याकडे आहे हे माहीतच नसेल तर वेळ आली तेव्हा ते मागणार कोण? चौथ्या पानावरच्या व्याख्येची तीस वर्षांच्या सवयीपुढे काही मात्रा चालत नाही. व्याख्या वाचलेला माणूससुद्धा वीस पानांनंतर जुन्या अर्थावर घसरतो. माझं स्वतःचं असं झालेलं आहे.

हा गोंधळ मराठीत जास्त होतो, आणि त्याची कारणं भाषेतच आहेत. रोमन लिपीत मोठी अक्षरं दिसली की हे लघुरूप आहे हे डोळ्याला कळतं. देवनागरीत तशी सोय नाही. ‘सीसीनंतर’, ‘ओसीच्या’, ‘पीएमसीला’ असे प्रत्यय लागून ते शब्द ओळीत मिसळून जातात. त्यात लिंगाचा प्रश्न आहे. ‘प्रमाणपत्र मिळालं’ आणि ‘दाखला मिळाला’ यांत क्रियापदावरूनही थोडा सुगावा लागतो. लघुरूप झालं की सगळे सर्रास ‘ओसी मिळाली’, ‘सीसी आली’ म्हणतात आणि तो सुगावा जातो. शिवाय एकाच मसुद्यात ‘सीसी’, ‘सी.सी.’ आणि ‘सी. सी.’ अशी तीन रूपं सहज सापडतात, कारण वेगवेगळी कलमं वेगवेगळ्या जुन्या मसुद्यांतून उचललेली असतात. संगणकावर `Ctrl+F` दाबून शोधणाऱ्याला त्यातलं एकच रूप सापडतं. आणि फाइल जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल किंवा स्कॅन केलेली असेल, तर शोध चालतच नाही. म्हणजे ‘ज्याला अडेल तो मागे जाऊन व्याख्या शोधेल’ हे गृहीतकच कोसळतं.

पुण्यातल्या ज्या अठ्ठेचाळीस सदनिकांच्या सोसायटीत हे मी जवळून पाहिलं, तिची हकिगत थोडक्यात सांगते. मसुदा नीट होता. व्याख्यांचं कलम होतं, त्यात अकरा लघुरूपं होती, प्रत्येक बरोबर उलगडलेलं. विशेष सभेआधी समितीने सभासदांना तीनच पानं वाटली: भाडं, बँक हमी आणि ताबा. कागद वाचावा म्हणून ती तीनच दिली, हेतू चांगलाच होता. सभेत कुणी काही विचारलं नाही, तेव्हा समितीला वाटलं की सगळ्यांना पटलं. शेवटी एक निवृत्त शिक्षिका उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हमी शेवटपर्यंत आपल्याकडे राहणार हे फार चांगलं झालं.” अध्यक्ष म्हणाले, “नाही बाई, ती टप्प्याटप्प्याने जाणार.” मग एकेकाला विचारलं. बसलेल्यांपैकी बहुतेकांनी शिक्षिकाबाईंसारखाच अर्थ लावला होता. त्या दिवशी ठराव झाला नाही. मसुदा परत आला तेव्हा आम्ही अकरापैकी आठ लघुरूपं काढून टाकली. सगळी मिळून करारनामा एका पानानेही वाढला नाही.

आम्ही नेमकं काय केलं, ते तुमच्या उपयोगी पडेल. अक्षरांचं लघुरूप काढून त्या जागी शब्दांचं छोटं नाव घातलं. कमेन्समेंट सर्टिफिकेटला ‘प्रारंभ दाखला’, कम्प्लिशनला ‘पूर्णत्व दाखला’, ऑक्युपन्सी सर्टिफिकेटला ‘भोगवटा दाखला’, आणि पीएमसीला नुसतं ‘सोसायटीचे सल्लागार’. व्याख्येच्या कलमात या प्रत्येकाचं पूर्ण अधिकृत नाव, ते कोणत्या कायद्याखाली आणि कोण देतं ते लिहिलं. पुढे सगळीकडे फक्त छोटं नाव. ‘बँक हमीच्या रकमेपैकी ४० टक्के रक्कम प्रारंभ दाखला मिळाल्यावर मोकळी करण्यात येईल’ हे वाक्य आता फोटोत एकटं आलं तरी धोका दाखवतं. त्या सोसायटीत हे वाक्य अशा रूपात वाचल्यावर सभासदांनी ४० टक्क्यांवर हरकत घेतली आणि टप्पे बदलून घेतले. मजकुराचा अर्थ आधीपासून तोच होता. फक्त आता तो त्यांना दिसला.

तुमचे वकील इथे एक आक्षेप घेतील आणि तो ऐकण्यासारखा आहे. करारात एका गोष्टीला एकच नाव हवं. एका कलमात ‘प्रारंभ दाखला’, दुसऱ्यात ‘बांधकाम परवानगी’, तिसऱ्यात ‘कमेन्समेंट सर्टिफिकेट’ असं लिहिलं, तर उद्या वाद झाल्यावर समोरचा म्हणेल की या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, नाहीतर वेगळी नावं का दिलीत? म्हणून वाचकाची सोय म्हणून करारनाम्याच्या अंगात जागोजागी वेगवेगळ्या शब्दांत समजावून सांगू नका. एकच नाव निवडा, ते स्वतःचा अर्थ सांगणारं निवडा, आणि मग अक्षरशः तेच वापरा. व्याख्येत बसवलेलं नाव स्पष्ट असेल तर ते बावीस वेळा आलेलं वकिलांनाही चालतं आणि मधूनच वाचणाऱ्यालाही.

मुंबईच्या सोसायट्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. तुम्ही पुण्यात असलात तरी तुमच्या मसुद्याचा सांगाडा मुंबईतून आलेला असू शकतो, म्हणून सांगते. मुंबईत प्रारंभ दाखला बऱ्याचदा एकदम पूर्ण इमारतीचा मिळत नाही. आधी जोत्यापर्यंतचा मिळतो, जोतं तपासल्यावर पुढच्या मजल्यांचा. मसुद्यात सीसीची व्याख्या एकदाच आणि मोघम केलेली असेल, तर पुढच्या प्रत्येक ‘सीसी’त हा प्रश्न दडलेला असतो की यातला कोणता. मुदत जोत्याच्या दाखल्यापासून मोजायची की शेवटच्या, यात महिनोन्‌महिने जातात. लघुरूप जितकं आखूड, तितकं लिहिणाऱ्याच्याही लक्षात हे येत नाही. ‘जोत्यापर्यंतचा प्रारंभ दाखला’ असं लिहायला बसलात की आपोआप विचारावं लागतं, की मग उरलेल्याचं काय.

पक्षकारांच्या नावांबद्दलही दोन शब्द. आपल्या दस्तांत ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ म्हणायची जुनी रीत आहे. ती अक्षरी लघुरूपं नाहीत, पण मधूनच वाचणाऱ्याला तितकीच अडचणीची, कारण नुसत्या शब्दांवरून सोसायटी देणारी की घेणारी हे कळत नाही. पुनर्विकासात तर सोसायटी विकसनाचे हक्क देते आणि घरं घेते, तेव्हा वाचणाऱ्याचा गोंधळ समजण्यासारखा आहे. ‘सोसायटी’, ‘विकासक’ आणि ‘सभासद’ हे तीन शब्द पुरतात. नोंदणीसाठी जुनी रीत हवीच असेल तर ती पक्षकारांच्या वर्णनात आणि सह्यांच्या पानावर राहू द्या.

लघुरूपं पूर्णपणे टाळा, असं मी सांगत नाही. ‘टीडीआर’ आणि ‘एफएसआय’ ही दोन मी ठेवते. ‘हस्तांतरणीय विकास हक्क’ आणि ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ ही मराठी रूपं अधिकृत आहेत, पण सभासदांना लघुरूपच जास्त ओळखीचं असतं, आणि या व्यवहारात त्याला दुसरा अर्थ नाही. अट इतकीच, की ज्या ज्या ठिकाणी वाचक थेट उतरतो तिथे ते पुन्हा एकदा उलगडायचं. करारनाम्यात अशी ठिकाणं ठरलेली असतात: क्षेत्रफळाचा तक्ता, पैशांच्या हप्त्यांचा तक्ता आणि प्रत्येक परिशिष्ट. तक्त्याखाली एका ओळीत ‘एफएसआय: चटई क्षेत्र निर्देशांक’ एवढं पुरे. वैद्यकीय नियतकालिकांत ही शिस्त जुनी आहे. तिथे गोषवाऱ्यात लघुरूप उलगडलेलं असलं तरी मूळ लेखात ते पुन्हा उलगडतात आणि तक्त्याखाली तिसऱ्यांदा, कारण कित्येक डॉक्टर फक्त गोषवारा वाचतात आणि कित्येक फक्त तक्ता. आपल्या सभासदांचं वाचणं याहून वेगळं नाही. एखादं लघुरूप संपूर्ण मसुद्यात दोनदाच येत असेल, तर ते बनवूच नका, दोन्ही वेळा पूर्ण लिहा.

मसुदा सुधारल्यावर तो कळतो की नाही हे तपासायची माझी रीत साधी आहे. समितीबाहेरचे तीन सभासद घ्या, त्यातला एक तरी सत्तरीच्या पुढचा असू द्या. प्रत्येकाला एकच पान द्या, भाड्याचं किंवा हमीचं, मागचं-पुढचं काही न देता. ‘समजलं का?’ असं विचारू नका. त्याला सगळेच हो म्हणतात. ‘तुमचं भाडं कोणत्या घटनेपर्यंत चालू राहील?’ आणि ‘ती घटना इमारत उभी राहण्याच्या आधीची की नंतरची?’ असं विचारा. तिघांची उत्तरं जुळली आणि वकिलांच्या उत्तराशी जुळली तर ते पान झालं. न जुळल्यास त्यांना समजावत बसू नका. कोणत्या शब्दावर वाट चुकली ते विचारा आणि तो शब्द बदला. बेचाळीस पानांपैकी अशी पाच-सहा पानंच तपासावी लागतात, बाकीची कुणी सुटी काढून वाटणार नसतं.

करारनाम्याची नोंदणी आधीच झालेली असती तर शब्द बदलायला पुरवणी करारनामा करावा लागला असता, आणि त्याला विकासकाची सही लागते. तुमचा मसुदाच आहे, त्यामुळे ही दुरुस्ती आत्ता फुकट आहे. वकिलांकडे जाताना ‘लघुरूपं काढा’ असं मोघम म्हणू नका. लघुरूपांची यादी करा, प्रत्येकापुढे ते किती वेळा आलंय आणि त्याचा दुसरा अर्थ आहे का ते लिहा, आणि शेजारी सुचवलेलं नाव द्या. पहिल्या दोन ओळी ‘सीसी’ आणि ‘पीएमसी’ यांच्या असतील. त्यांच्यापुढे हमीचं आणि नकाशाबदलाचं कलम जुन्या व नव्या रूपात शेजारी शेजारी लिहून न्या.